आमची वाटचाल : रिव्ह्यू मागायचा एक मेसेज

सोलर वॉटर हीटर बसवणं आणि दुरुस्त करणं हे आमचं काम. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, त्यामुळे इथला सोलर बहुतेक वेळा पाण्यामुळे बिघडतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार काचेच्या ट्यूबमध्ये आणि टाकीच्या तळाशी साचत जातो, आणि एक दिवस वरून ऊन रणरणत असताना खाली नळाला कोमट पाणी येतं. पूर्वी अशा वेळी माणूस शेजारच्या गच्चीकडे बघून विचारायचा, "तुमचा कुणी केला हो?" आता तो आधी फोनवर `solar repair solapur` टाइप करतो, वर आलेल्या तीन-चार नावांचे स्टार बघतो आणि मग फोन लावतो. म्हणून चांगल्या कामानंतर ग्राहकाकडून दोन ओळी लिहून घेणं हा आमच्या कामाचाच भाग झाला. त्यासाठीचा मेसेज बऱ्याच वेळा बदलला. आज तो जसा आहे तसा का आहे, ते इथे मांडतो.

पहिला प्रश्न वेळेचा. बिल देताना "रिव्ह्यू टाका हं" म्हटलं की सगळे "हो हो, टाकतो" म्हणतात आणि विसरतात. त्यांची चूक नाही. दुपारी तीन वाजता क्षार काढून रबर बदलले, तरी काम जमलं की नाही हे ग्राहकाला कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी, बादलीत हात घातल्यावर. त्याआधी त्याच्याकडे लिहायलाच काही नसतं. म्हणून मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान जातो. आंघोळ, देवपूजा, डबे उरकलेले असतात आणि गरम पाणी अजून लक्षात असतं. आभाळ भरलेलं असेल तर आम्ही थांबतो, कारण ढगाळ दिवशी उत्तम सोलरचंही पाणी कोमटच येतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर पाठवूच नये. घरात पाहुणे असतात, मेसेज खाली ढकलला जातो तो कायमचा.

दुसरी गोष्ट लिंक. "गूगलवर आमचं नाव शोधा आणि रिव्ह्यू द्या" एवढं सांगून भागत नाही. एकाच नावाची दोन दुकानं निघतात आणि स्टार भलत्याच्या खात्यात पडतात. ज्या जीमेलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइल आहे, त्याच जीमेलने लॉगिन करून गूगलवर आपल्या दुकानाचं नाव शोधावं. प्रोफाइलच्या बटणांत `Ask for reviews` किंवा `Get more reviews` असं एक बटण दिसतं. त्यातून एक छोटी लिंक आणि एक क्यूआर कोड मिळतो. लिंकचा साचा असा असतो:

```
https://g.page/r/तुमचा-कोड/review
```

ही लिंक उघडली की ग्राहकासमोर थेट स्टार आणि लिहायची चौकट येते, काही शोधावं लागत नाही. लिंक व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये मेसेजसकट साठवून ठेवावी. मग चॅटमध्ये तिरकी रेघ `/` टाइप करून शॉर्टकट निवडला की पूर्ण मजकूर हजर होतो. प्रत्येक वेळी हाताने लिंक कॉपी करताना शेवटचं अक्षर गळतं आणि ती उघडत नाही.

आता मजकूर. आमचा जुना मेसेज असा होता: "आमची सेवा आवडली असेल तर खालील लिंकवर ५ स्टार द्या. काही तक्रार असेल तर फोन करा. रिव्ह्यू देणाऱ्यास पुढील सर्व्हिसला १०० रुपये सूट." वाचायला साधासरळ वाटतो, पण त्यात तीन चुका आहेत. सूट देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, तो रिव्ह्यू काढला जाऊ शकतो. पाचच स्टार मागितले की शेजाऱ्याला वाचताना ते मागून घेतल्यासारखेच दिसतात. आणि सगळ्यात मोठी चूक मधल्या वाक्यात आहे. खूश ग्राहकाला लिंक आणि नाराज ग्राहकाला फोन, अशी चाळणी लावायलाही गूगलची मनाई आहे. निवडून फक्त चांगलेच रिव्ह्यू मागायचे नाहीत. त्यामुळे आम्ही लिंक काम पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पाठवतो. मात्र काम पूर्ण झालं हे आधी पक्कं करतो. सकाळी एक फोन करायचा, "पाणी गरम आलं का?" नाही म्हणाले तर पोरगा परत गच्चीवर जातो, आणि मेसेज ते काम झाल्यावर जातो, पण जातोच.

सध्याचा मेसेज हा:

> नमस्कार काका,
> काल तुमच्या २०० लिटर सोलरच्या ट्यूबमधला क्षार काढून दोन रबर बदलले. काम कसं झालं, ते दोन ओळींत गूगलवर लिहाल का? चांगलं-वाईट जे वाटलं ते लिहा.
> १. ही लिंक दाबा: https://g.page/r/तुमचा-कोड/review
> २. तुम्हाला योग्य वाटतील तेवढे स्टार द्या.
> ३. खालच्या चौकटीत लिहा. मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू, कुठलीही भाषा चालेल. टाइप करायचं नसेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला.
> ४. `Post` किंवा "पोस्ट करा" दाबा.
> यात ओटीपी नाही, पैसे नाहीत, कुठलं ॲप डाउनलोड करायचं नाही. रिव्ह्यूवर तुमचं जीमेलचं नाव सगळ्यांना दिसेल.
> लिहायला जमलं नाही तरी हरकत नाही.

पहिल्या ओळीत नेमकं काम लिहिलंय ते मुद्दाम. "आपल्या सेवेबद्दल धन्यवाद" असा मेसेज आला की माणसाला वाटतं कंपनीची जाहिरात आहे. "दोन रबर" वाचलं की त्याला कालचा माणूस आठवतो. शिवाय ग्राहक पुढे तेच शब्द वापरतो. "छान सर्व्हिस" या रिव्ह्यूपेक्षा "ट्यूबमध्ये क्षार होता, काढून दिला, सकाळी पाणी कडक आलं" हे पुढच्या माणसाला जास्त कामाचं, कारण त्याच्याही घरी तोच क्षार असतो. पण वाक्यं आपण लिहून द्यायची नाहीत. एकाच साच्याचे चार रिव्ह्यू लागोपाठ आले की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

ओटीपीची ओळ आम्ही नंतर घातली. हल्ली लोक अनोळखी लिंक दाबत नाहीत, आणि बरोबरच आहे. फाइल उघडायला लावून खातं रिकामं करणारे मेसेज रोज फिरताहेत. आमचा नंबर ग्राहकाच्या फोनमध्ये सेव्ह नसेल तर लिंक कधीकधी दाबताच येत नाही, नुसती अक्षरं दिसतात. त्याने उलट "हो" असं जरी पाठवलं तरी बहुधा ती चालू होते. म्हणून आधी "पाणी गरम आलं का काका?" एवढंच पाठवायचं, उत्तर आलं की मग लिंक. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नये. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि बाकीच्यांना गेला असं समजून आपण वाट बघत बसतो.

एक उदाहरण पायरीपायरीने बघू. विजापूर रोडवरच्या बंगल्यातल्या एका निवृत्त सरांना वरचा मेसेज गेला. सर म्हणाले, "लिहिलं होतं, पण दिसत नाही." इथे तीन शक्यता तपासायच्या. पहिली, शेवटचं बटण दाबलंच नाही. चौकटीत लिहून मागे गेलं की मजकूर तिथेच राहून जातो. दुसरी, फोनमध्ये गूगल खात्याचं लॉगिन नव्हतं. आयफोनवर हे फार होतं. लिंक ब्राउझरमध्ये उघडते, जीमेलचा पासवर्ड मागते आणि माणूस तिथेच सोडून देतो. तिसरी, रिव्ह्यू पोस्ट झालाय, सरांना स्वतःच्या फोनवर दिसतोय, पण बाकी कुणाला दिसत नाही. हे ओळखायचं सोपं आहे. सरांना मॅप्समध्ये `Contribute` मध्ये जाऊन आपल्या प्रोफाइलमधले रिव्ह्यू बघायला सांगायचं, आणि आपण दुसऱ्या फोनवरून दुकानाचं पान बघायचं. तिथे आहे आणि इथे नाही, तर तो गूगलच्या तपासणीत अडकलाय. मजकुरात फोन नंबर किंवा लिंक असेल तर ती काढून `Edit review` मधून पुन्हा टाकता येतो. नसेल तर काही दिवस थांबायचं. पुन्हापुन्हा टाकायला लावू नये.

याच कारणाने आमच्या पोरांना एक गोष्ट सक्त मना आहे: ग्राहकाचा रिव्ह्यू आपल्या फोनवरून टाकून देणं. आजी म्हणतात, "तूच टाक की बाळा माझ्या नावाने." प्रेमाने म्हणतात, पण एकाच फोनवरून पाच रिव्ह्यू गेले की ते बनावट धरले जातात, आणि तसे ते असतातही. आजींच्या फोनवर माइक कुठे आहे ते दाखवायचं, कीबोर्डची भाषा मराठी करून द्यायची आणि बोलताना बाजूला सरकायचं. दुकानातल्या माणसांनी आणि घरच्यांनी तर स्टार द्यायचेच नाहीत.

सगळ्यांना लिंक जाते म्हटल्यावर कधीतरी दोन स्टार येणारच. "उशिरा आले, पाइपला गळती राहिली" असं कुणी लिहिलं तर आधी गळती काढायची, मग खाली उत्तर लिहायचं: "गळती होती, आज वायसर बदलला. दोन तास उशीर झाला, ती आमची चूक." उत्तरात ग्राहकाचा पत्ता, नंबर किंवा बिलाची रक्कम घालू नये, ते साऱ्या गावाला दिसतं. काम झाल्यावर ग्राहकाला वाटलं तर तो स्वतःचा रिव्ह्यू बदलू शकतो. बदला म्हणून मागे लागायचं नाही.

हॉस्टेल, दवाखाना, सोसायटी अशा मोठ्या कामांचं वेगळं आहे. तिथले सेक्रेटरी स्वतःच्या जीमेलवरून संस्थेच्या वतीने लिहायला कचरतात. त्यांच्याकडे आम्ही लेटरहेडवर अभिप्राय मागतो. किती लिटरची किती युनिट होती, काय बिघाड होता, दुरुस्तीनंतर किती महिने विनातक्रार चाललं, एवढे तीनच प्रश्न पाठवतो. हा अभिप्राय आपल्या कोटेशनला जोडायचा असल्याने तो समाधानी ग्राहकाकडूनच मागितला तरी चालतं. मात्र तो छापायला, स्टेटसवर ठेवायला आणि संस्थेचं नाव वापरायला चालेल का, हे व्हॉट्सॲपवर लिहून विचारायचं आणि त्यांचं "हो" जपून ठेवायचं. पत्र घेताना लगेच विचारलं तर बरं. सोसायटीची कमिटी बदलली की नवा सेक्रेटरी म्हणतो, मला काहीच माहीत नाही.

उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण, चार-पाच दिवसांनी, एका ओळीची. त्यानंतर त्या चॅटला "झालं" असं लेबल लावून पुढच्या गच्चीकडे वळायचं.