एक काळा कोट आणि आईची इरकल

हॅम्बुर्गला येऊन पहिला हिवाळा काढला तेव्हाचे फोटो बघितले तर सगळे एकाच दिवशी काढलेत असं वाटतं. काळा गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा कोट, काळी पँट, काळे बूट. नोव्हेंबर ते मार्च रोज तेच. चांगला कोट महाग असतो, त्यामुळे दुसरा घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि इथे रस्त्यावर, बसमध्ये, दुकानात लोकांना तुमचा कोटच दिसतो. आत कितीही सुंदर कुर्ता घातला तरी तो ऑफिसात पोचेपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

मग गळ्याकडे वळले. जर्मनमध्ये लांब पट्टीसारख्या मफलरला जो शब्द आहे त्याचा उच्चार चक्क ‘शाल’ असा होतो. पहिल्यांदा दुकानात ऐकला तेव्हा मला वाटलं, बाई मराठी बोलतेय. चौकोनी कापडाला मात्र वेगळा शब्द आहे, ‘टूख’.

सुरुवातीला मी सांगलीची सवय इथे चालवली: स्टोल ओढणीसारखा एका खांद्यावरून सोडायचा. बंदरावरून ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसले आणि पहिल्याच वाऱ्यात तो पाठीमागच्या आजोबांच्या तोंडावर. कोटाची बाही गुळगुळीत असते, वर पर्सचा पट्टा, त्यामुळे खांद्यावरचं काहीही टिकत नाही. पिन लावली तर लोकरीच्या कोटाला भोक पडतं. गळ्याभोवती वेढा हवाच, हे तेव्हा कळलं.

सगळ्यात सोपा वेढा खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात उभं राहून शिकवला. स्टोल लांबीत दुमडायचा, मानेमागून घ्यायचा, म्हणजे एका बाजूला दुमडीचा फासा येतो आणि दुसऱ्या बाजूला दोन टोकं. टोकं फाशातून ओवायची, झालं. दोन मीटरचा स्टोल दुमडून एक मीटर उरतो, त्यातला अर्धा मानेला जातो, म्हणून याला १८० सेंटिमीटरपेक्षा आखूड कापड पुरत नाही. आजींची खरी गंमत पुढे होती. दोन्ही टोकं एकदम ओवायची नाहीत. एक टोक फाशात वरून घालायचं, मग फाशाला अर्धा पीळ द्यायचा आणि दुसरं टोक खालून वर काढायचं. समोर वेणीच्या पेडासारखी गुंफण दिसते, आणि वाऱ्यात सुटत नाही.

एक चूक मी महिनाभर करत होते. गाठ हनुवटीपर्यंत आवळायची. माझी मान आधीच आखूड, त्यात जाड लोकर. फोटोत डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं दिसायचं. आता बांधून झालं की गाठीखाली हात घालून ती गळ्याच्या खळीपर्यंत खाली ओढते. हनुवटी खाली केल्यावर कापडाला टेकली नाही म्हणजे बरोबर. आणि दोन्ही टोकं एका रेषेत ठेवत नाही, एक टोक वीतभर खाली सोडते. सारखी टोकं नेमकी कमरेवर येऊन थांबतात आणि तिथेच बघणाऱ्याची नजर अडकते.

पण ही गुंफण जाड, मऊ कापडाची. मला घालायची होती आईची इरकल.

जुनी इरकल होती, हिरवी, लाल काठांची, पांढऱ्या पट्ट्यांचा लाल पदर असलेली. मधोमध जीर्ण होऊन फाटली होती, काठ आणि पदर मात्र ठणठणीत. पदराकडून दोन मीटर कापले, कापलेल्या बाजूला पिको करून घेतला. साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर, म्हणजे स्टोलला दुप्पट. तो उभा बरोबर मध्यावर दुमडला असता तर एक काठ दुसऱ्याखाली झाकला गेला असता. म्हणून वरची घडी चार बोटं अलीकडे थांबवली. दोन्ही काठ पायरीसारखे एकाखाली एक दिसायला लागले. तशीच घडी राहावी म्हणून आतून लांब टाक्यांचा धावदोरा घातला.

हिला आजींचा फासा घातला तर चुरगळलेली चिंधी दिसते. इरकलीचं सूत कडक असतं, ते गोळा होत नाही, ते घडी धरतं. मग आपण पदराला काढतो तशा तीन-चार बोटांच्या निऱ्या काढल्या, लांबीभर हाताने दाबल्या, आणि तो पट्टा मानेवरून सरळ पुढे सोडला, एक बाजू डाव्या कॉलरच्या आतून, दुसरी उजव्या. वरून कोट बंद करून त्याचा कमरेचा पट्टा आवळला की निऱ्या जागच्या जागी राहतात. काळ्यावर हिरवा आणि लालाची एक तिरकी फट. नुसती फटच. तेवढ्यानेच कोट वेगळा वाटतो. लोकरीच्या मफलरला हे जमत नाही, त्याच्या निऱ्या दोन पावलांत मोकळ्या होतात.

आता थंडीचं काय? इरकल गळ्याला ऊब देत नाही, दोन अंश तापमान आणि आडवा पाऊस असताना तर मुळीच नाही. त्यासाठी आतून तलम मेरिनोचा बारका मफलर, एकच वेढा, मानेला चिकटून. ऊब आतल्याची, रंग वरच्याचा, अशी वाटणी केली की दोन्ही कापडं बारीक राहतात आणि गळा फुगत नाही. ऑफिसात हीटर जोरात असतो. तिथे मफलर काढून पर्समध्ये जातो, इरकल तशीच कुर्त्यावर राहते.

यातच माझी फजिती झाली. पहिला मफलर क्रीम रंगाचा होता. पावसात भिजून आले, सगळं तसंच खुंटीला टांगलं, सकाळी मफलरवर गुलाबी ओघळ. जुन्या लाल सुताचा रंग अजून सुटत होता. पांढरा रुमाल ओला करून काठावर घासला असता तर आधीच कळलं असतं. रुमाल रंगला तर खाली गडदच काहीतरी घालायचं, आणि भिजल्यावर दोन्ही वेगवेगळं वाळवायचं. माझा मफलर आता राखाडी आहे.

बॅगेच्या, जाकिटाच्या वेल्क्रोपासून ही कापडं लांब ठेवा, एका ओढीत सूत निघतं. सायकलवर असाल तर टोकं कोटाच्या आत. इझाडोरा डंकन ही नर्तकी १९२७ साली नीसमध्ये गेली ती गाडीच्या चाकात तिचा लांब स्कार्फ अडकून, एवढं आठवलं तरी हात आपोआप टोकं खोचतो.

गेल्या आठवड्यात नाटकाला गेलो होतो. इथे थिएटरात कोट बाहेरच जमा करावा लागतो, म्हणजे सगळ्यांचे काळे कोट एका रांगेत. निघताना काउंटरवरच्या बाईंनी माझा टोकन नंबर विचारलाच नाही. बाहीतून लाल काठ लोंबत होता, तोच ओळखून त्यांनी कोट काढून दिला. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. ती म्हणाली, “ते राहू दे. निऱ्या उलट्या पडल्यात तुझ्या, काठ बाहेर यायला पाहिजे.”