चिखलाने काळे केलेले पाय

हिवाळ्यात आमच्याकडे पक्षीनोंदींचे फोटो येतात आणि नाव बरोबर आहे की नाही ते पाहणं हे माझं काम. नोव्हेंबरमधल्या एका दुपारी भिगवणच्या बाजूच्या, उजनीच्या काठावरच्या नोंदी संपवत होते. एका शिक्षकाने चौदा फोटो पाठवले होते आणि नाव लिहिलं होतं, 'सिट्रीन वॅगटेल, पिल्लू'. मी पहिला फोटो उघडला, पाय काळे पाहिले, पंखावर दोन पांढरट पट्टे पाहिले आणि 'मान्य' करून टाकलं. दहा सेकंदही लागली नसतील.

चहा घेऊन आले तेव्हा तोच फोटो स्क्रीनवर उघडा होता, आणि त्या पक्ष्याची पाठ मला खटकली. सिट्रीन धोब्याच्या, म्हणजे वॅगटेलच्या, पिल्लाची पाठ साधी करडी असते, रेघा नसतात. इथे मानेखाली काहीतरी खरखरीत दिसत होतं. फोटो भर दुपारचा, जास्त उजेडात धुऊन निघालेला. उजेड कमी केला तशा पाठीवर गडद रेघा वर आल्या, आणि पट्टे पांढरे नव्हतेच, पिसांच्या फिकट बदामी कडा होत्या. छाती सावलीत होती. तिथे उलट उजेड वाढवला, तर गळ्याखाली बारीक काळ्या रेघा.

मग पाय? पिवळा, पांढरा, सिट्रीन हे धोबी काळ्या पायांचे. करड्या धोब्याचे तेवढे फिकट, मांसल रंगाचे, म्हणून पिवळं पोट आणि फिकट पाय दिसले की आम्ही आधी करड्याकडेच वळतो. तीरचिमण्यांचे, म्हणजे पिपिटचे पाय फिकट गुलाबी-पिवळसर. या पक्ष्याचे काळे. रेघा एक सांगत होत्या, पाय दुसरंच.

उत्तर नवव्या फोटोत मिळालं. पक्षी पाऊल उचलून पुढे टाकत होता आणि पाय पूर्ण दिसत होता. आपण ज्याला गुडघा म्हणतो (खरं तर तो घोटा), तिथपर्यंत पाय काळा आणि त्याच्या वर एकदम गुलाबी. मधली रेष वाकडीतिकडी, एका बाजूला जास्त चढलेली. पिसांचा किंवा कातडीचा रंग असा वाकडातिकडा संपत नाही. ती उजनीची काळी माती होती, वाळत आलेली. पक्षी चिखलात चालून कोरड्यावर आला होता.

म्हणजे पिपिट. पण कोणता? हिवाळ्यात इथे टॉनी पिपिटही येतो आणि त्याच्या तरुण पक्ष्यांच्या छातीवरही थोड्या रेघा राहतात. टॉनीला चोचीपासून डोळ्यापर्यंत गडद रेष असते. या पक्ष्याचा तेवढा भाग सगळ्या फोटोंत फिकट होता. उचललेल्या पायाच्या मागच्या बोटाचं नखही लांब होतं, टॉनीचं आखूड असतं. मी धान तीरचिमणी, म्हणजे पॅडीफील्ड पिपिटवर आले.

तरी शेपटीबद्दल विचारायला फोन केला, कारण एका फोटोत शेपटी खाली असली तर त्यातून काहीच कळत नाही.

"मॅडम, हलवत होता ना शेपटी! म्हणून तर धोबी लिहिलं."

"सारखी, की थांबून थांबून?"

ते जरा थांबले. "चालताना चालताना एकदोनदा. सारखी नाही म्हणता येणार."

फोटो एका बर्स्टमधले होते, सगळे मिळून दोन-तीन सेकंदांचे. मी कागदाची पट्टी पाठीच्या रेषेवर ठेवून एकेक पाहिला. पहिल्या पाचांत शेपटी पट्टीच्या सरळ रेषेतच, सहाव्या-सातव्यात खाली, मग पुन्हा सरळ. धोबी चालत असता तर इतका वेळ ती एका जागी राहिली नसती. टॉनी मात्र धोब्यासारखी बरीच हलवतो, म्हणून नाव ठरवताना मी शेपटीला फार वजन दिलं नाही, चोचीजवळच्या भागाला दिलं.

माझं 'मान्य' काढलं, तसं त्यांनाही कळवलं. ते म्हणाले, "मग पाय बघायचेच नाहीत का?" बघायचे, पण ओल्या जागेवरच्या पक्ष्याचे घोट्याच्या वर बघायचे. सूर्य मागे असला तर गुलाबी पायही काळेच दिसतात, तिथे तर पायांचा नाद सोडूनच द्यावा.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "अकराव्या फोटोत मागे ढेकळावर कोण आहे?"

मी पाहिलंच नव्हतं. धूसर, रेघाळ, पाय फिकट, म्हणजे पायांवरून पिपिटपासून वेगळा करणं शक्यच नाही. पण चोच जाड, अंग बुटकं, जमिनीला टेकल्यासारखं, आणि अकरापासून चौदापर्यंत शेपटी केसभरही हललेली नाही. मी नोंदीत लिहिलं: चंडोल, प्रजाती अनिश्चित.