स्पॅनिशमधल्या एका अर्जपत्राची दुरुस्ती

रविवार, रात्री

चाकणच्या एका कारखान्यात गिअर ग्राइंडिंग विभाग सांभाळणारा माझा एक जुना विद्यार्थी स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या एका कंपनीत अर्ज करतो आहे, आणि बायोडेटासोबतचे परिचयपत्र स्पॅनिशमध्येच हवे अशी तिथली अट आहे. त्याचा मसुदा आज दुपारभर वाचला. व्याकरण बरेचसे ठीक होते. पण पत्राचा सूर इंग्रजी अर्जाचा होता, आणि तो सूर स्पॅनिश माणसाला पहिल्या ओळीतच कळतो.

मायन्याच्या शेवटी त्याने स्वल्पविराम दिला होता. स्पॅनिश पत्रात ‘एस्तिमादा सेन्योरा’, म्हणजे ‘आदरणीय महोदया’, आणि आडनाव यांच्यानंतर अपूर्णविराम येतो आणि मजकूर पुढच्या ओळीवर सुरू होतो. त्यानंतरचे त्याचे वाक्य, आपण लहानपणापासून यंत्रांच्या प्रेमात असल्याचे, मी सरळ काढून टाकले. तिथे ‘मे दिरीहो आ उस्तेद’, म्हणजे ‘मी आपल्याला लिहीत आहे’, अशी सुरुवात करून कोणत्या पदासाठी आणि कोणती जाहिरात पाहून अर्ज करतो आहोत, एवढेच सांगायचे असते. एकदा ‘उस्तेद’, म्हणजे आदरार्थी ‘आपण’, म्हटले की शेवटपर्यंत क्रियापदे आणि सर्वनामे तृतीय पुरुषीच राहायला हवीत. याच्या मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदात ‘तुझ्या कंपनीत’ आले होते. असा घसरलेला ‘तू’ वाचणाऱ्याला लगेच खटकतो.

अधिक वेळ पदवीवर गेला. स्वतःची ओळख त्याने ‘इन्हेनिएरो इंदुस्त्रिआल’, म्हणजे औद्योगिक अभियंता, अशी करून दिली होती, कारण जाहिरातीत तो शब्द दिसला. स्पेनमध्ये मात्र ही कायद्याने नियंत्रित व्यवसायाची संज्ञा आहे. परदेशी पदवीधराला त्या नात्याने काम करायचे, प्रकल्पांवर सही करायची, तर आधी तिथल्या मंत्रालयाकडून पदवीची ‘ओमोलोगासिओन’, म्हणजे अधिकृत समकक्ष मान्यता, मिळवावी लागते. ती याच्याकडे नाही, आणि कारखान्यातल्या या जागेसाठी ती मागितलेलीही नाही. म्हणून ‘पुणे विद्यापीठाची यंत्र अभियांत्रिकीची पदवी’ असे साधे, खरे वाक्य ठेवले. त्याला ते फिके वाटले. पण नसलेला दर्जा लिहिलेला आढळला, तर बाकीच्या पत्रावर कोण विश्वास ठेवील?

मधला परिच्छेद हा या पत्राचा गाभा आहे, आणि तो त्याच्याकडे होता, फक्त विशेषणांखाली दबलेला. कष्टाळू, जिद्दी, संघभावनेने काम करणारा ही सगळी विशेषणे गेली. उरले ते असे: ग्राइंडिंगनंतर दातांच्या प्रोफाइलमधील दोषामुळे नाकारल्या जाणाऱ्या गिअरचे प्रमाण त्याच्या विभागात ४.२ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले, कारण ग्राइंडिंगच्या चाकाच्या ड्रेसिंगचे, म्हणजे त्याला पुन्हा धार आणि आकार देण्याचे, वेळापत्रक ठरावीक तासांऐवजी प्रत्यक्ष मोजमापावर बांधले गेले. काय बिघडले होते, त्याने काय बदलले आणि परिणाम किती झाला, हे तीन वाक्यांत आले की विभागप्रमुखाला त्याच्याशी बोलायला विषय मिळतो.

आकडे लिहितानाही जपावे लागते. स्पेनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरण्याची रीत आहे, त्यामुळे ४.२ तिथे ‘४,२ %’ असे लिहायचे, टक्क्याच्या चिन्हाआधी थोडी जागा सोडून. याने महिन्याचे उत्पादन ‘१,२५० गिअर’ असे लिहिले होते. बिल्बाओत कुणी ते सव्वा गिअर असे वाचले असते! चार अंकी संख्या काही न घालता सलग लिहिणे सर्वांत सुरक्षित. हेच पत्र मेक्सिकोला जाणार असते तर दशांशाला टिंबच चालले असते.

शेवटच्या ओळीसाठी ‘ले सालुदा आतेंतामेंते’ ठेवले, ‘आपणांस आदरपूर्वक अभिवादन करतो’ अशा अर्थाचे. या वाक्यातल्या क्रियापदाचा कर्ता म्हणजे खालची सही, म्हणून मध्ये स्वल्पविराम नाही. सहीपाशी मात्र आपली मराठी पद्धत अडचणीची ठरते. स्पॅनिश माणसाच्या नावामागे दोन आडनावे असतात आणि त्याला पहिल्याने संबोधले जाते. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी सही पाहिली की उत्तर वडिलांच्या नावाने ‘सेन्योर रमेश’ असे यायचे. पत्रात नाव आणि आडनाव एवढेच ठेवायला सांगितले. पूर्ण नाव पारपत्राच्या प्रतीवर आहेच.

एका वाक्यावर आमचा वाद झाला. युरोपीय संघाबाहेरचा असल्याने त्याला कामाचा परवाना लागेल, आणि त्यासाठी पहिला अर्ज कंपनीलाच करावा लागतो. “मॅडम, हे वाचूनच ते बाजूला ठेवतील,” असे तो फोनवर म्हणत राहिला. त्याची भीती खोटी नाही. तरीही मुलाखतीनंतर हे कळून दोन्ही बाजूंचा वेळ जाण्यापेक्षा आताच सांगितलेले बरे, असे माझे मत मी सोडले नाही. शेवटी भेटीसाठी उपलब्ध असल्याचे सांगणाऱ्या वाक्याच्या आधी, कोणतीही विनवणी न करता, एका ओळीत ते घातले. तो उद्या सकाळी पत्र पाठवणार आहे.