दशावतार डॉक्युमेंटरी, कामाची नोंद: फोल्डर, बिन आणि व्हर्जन

पाऊस लागला, जत्रा संपल्या आणि शूटिंगचा पसारा टेबलावर आला. एका दशावतारी कंपनीच्या मागे आम्ही कार्तिकापासून सिंधुदुर्गात फिरत होतो. एडिटिंग कुडाळला वहिनीच्या मशीनवर चालतं, साउंड रत्नागिरीत बसलेला एक मित्र करतो, आणि मी मालवणात क्लिपा बघून टिपणं काढतो. तिघांकडे फुटेजची एकेक प्रत आणि प्रत्येकाच्या मशीनवर दाविंची रिझॉल्व्ह. नेटची रेंज कधी असते, कधी नसते, त्यामुळे क्लाउडवर एकत्र काम करण्याचा विचार सोडला. या नोंदीत फक्त मांडणी लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवली. डिस्कवरचा फोल्डर सांगणार फुटेज कुठून आलं, आणि बिन, म्हणजे रिझॉल्व्हच्या आतला क्लिपांचा कप्पा, सांगणार ते कशाला वापरायचं. फोल्डर एकदा केला की त्याला हात लावायचा नाही. बिन मात्र रोज मोडा, रोज बांधा. या दोन गोष्टी मिसळल्या की तीन माणसांच्या तीन डिस्क महिन्याभरात तीन वेगळ्या दिसायला लागतात.

फोल्डरचं नाव असं:

```
20250112_G04_CAMA_01
20250112_G04_GOPRO_01
20250112_G04_ZOOM_01
```

तारीख वर्षापासून, म्हणजे नावाने लावलं तरी ओळ बरोबर लागते. मग गावाचा नंबर, यंत्र आणि शेवटी कार्डाचा नंबर. दशावताराची अडचण अशी की खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. संकासूर एका तारखेला नाचतो आणि आख्यानातला राजा दुसऱ्या तारखेला मरतो. म्हणून नियम असा, की ज्या संध्याकाळी पेटारा उघडला त्या संध्याकाळची तारीख पूर्ण रात्रीला. फाईलच्या आतली तारीख काहीही असो.

याचाच दुसरा त्रास टाइमकोडचा. कॅमेरा आणि रेकॉर्डर घड्याळाच्या वेळेवर चालवले, तर मध्यरात्री टाइमकोड पुन्हा 00:00:00:00 होतो. बिन टाइमकोडने लावलं की पहाटेच्या क्लिपा वर येतात आणि गणपती, रिद्धी-सिद्धी तळाला जातात. वहिनीने प्रत्येक रात्रीच्या बिनमध्ये दोन उपबिन केले, `1_PM` आणि `2_AM`. साधी गोष्ट आहे, पण रात्रभराचं फुटेज बघताना डोकं ठिकाणावर राहतं.

आता नावांच्या टकरीबद्दल जरा सविस्तर. आमचा सोनी कॅमेरा कार्ड फॉरमॅट केलं की पुन्हा `C0001.MP4` पासून मोजायला लागतो. म्हणजे प्रत्येक कार्डात एक `C0001` आहेच. नव्या बॉडींच्या मेनूत नावाला स्वतःची अक्षरं जोडता येतात आणि आकडा पुढे चालू ठेवता येतो. ती सोय असेल तर पहिल्याच दिवशी लावा. आमचा कॅमेरा जुना. फाईलची नावं बदलावी असं वाटतं, पण शेजारी `C0001M01.XML` नावाची माहितीची फाईल असते आणि तिचा जोड नावावरच असतो. म्हणून कार्ड आहे तसंच, `PRIVATE` फोल्डरसकट, उचलून आमच्या नावाच्या फोल्डरात ठेवतो.

धोका येतो दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडताना. क्लिपा लाल, ऑफलाइन. तेव्हा सगळं निवडून रीलिंक करायचं आणि पूर्ण डिस्क दाखवायची, हा मोह होतो. तसं केलं तर एकाच नावाच्या फायलींत चुकीची जोडली जाऊ शकते, आणि लाल रंग गेल्यामुळे सगळं आलबेल वाटतं. ओळखायची खूण म्हणजे संवाद आणि ओठ जुळत नाहीत, किंवा मुलाखतीच्या जागी देवळाचा कळस दिसतो. त्याऐवजी मीडिया पूलमध्ये `Change Source Folder` वापरावं. ते जुन्या मूळ फोल्डरच्या जागी नवा मूळ फोल्डर घालतं आणि आतली रचना तशीच धरतं. तिघांच्या फोल्डरांची नावं अक्षरशः सारखी असली तरच हे चालतं, म्हणून वरचा ‘हात लावायचा नाही’ हा हट्ट. विंडोजवर आम्ही तिन्ही डिस्कना `K:` हेच अक्षर दिलं आहे. बहुतेक वेळा रीलिंकची वेळच येत नाही.

गोप्रोची तऱ्हा निराळी. मांडावर वरून लावलेला गोप्रो रात्रभर चालतो आणि फाईल ठरावीक आकाराची झाली की तुकडा पाडतो. तुकड्याचा आकडा मात्र नावात आधी येतो:

```
GX010047.MP4
GX010048.MP4
GX020047.MP4
```

इथे पहिली आणि तिसरी एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे, मधली दुसरीच. नावाने लावलं की युद्धाच्या मधोमध दुसरं काहीतरी घुसतं. आम्ही डिस्कवर काही बदलत नाही. रिझॉल्व्हमध्ये क्लिप नेम `0047_01`, `0047_02` असं देतो. ते नाव प्रोजेक्टपुरतं राहतं, मूळ फाईल जशीच्या तशी. मूळ नाव बघायचं झालं तर `View` मध्ये `Show File Names`.

बिनबद्दल थोडक्यात. रंगपट, मांड, गाव, मुलाखती, आणि वर `00_TIMELINES`. जुन्या टाइमलाइन `zz_OLD` मध्ये. एखादा शॉट दोन ठिकाणी हवा असेल तर क्लिपची दुसरी प्रत करत नाही, कीवर्ड लावतो आणि स्मार्ट बिन त्यावरून गोळा करतो. कीवर्डची यादी मात्र एकच हवी. मी `sankasur` लिहीत होतो, रत्नागिरीहून `shankasur` येत होतं, आणि स्मार्ट बिनमध्ये अर्धेच संकासूर. वहिनी म्हणाली, “भाऊजी, यादी मी करते, तुम्ही दोघांनी फक्त त्यातून उचला.” ते बरं झालं.

आता व्हर्जन. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, डिस्कवर सुटी फाईल दिसत नाही. म्हणून काम थांबवताना रोज एक्सपोर्ट:

```
DSV_R2_v014_edit.drp
```

R2 म्हणजे दुसरा भाग, मग आकडा, मग कोणी केलं ते. `final` शब्दाला बंदी आहे. `.drp` मध्ये फुटेज नसतं, त्यामुळे ती हलकी असते आणि मोबाईलच्या नेटवरही जाते. दोघांनी वेगवेगळं काम केलेल्या दोन `.drp` आपोआप एकत्र होत नाहीत. म्हणून पूर्ण प्रोजेक्ट एका वेळी एकाकडेच, सध्या वहिनीकडे. साउंडवाला फक्त त्याची टाइमलाइन `.drt` करून पाठवतो, मी माझे बिन `.drb` करून. ती ते आत घेते आणि आकडा वाढवते.

लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू आहेत. पावसात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. पण तो बॅकअप मुळात त्याच मशीनच्या डिस्कवर पडतो, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेले. त्याची जागा बदलून दुसरी डिस्क दाखवली, आणि रोजची `.drp` तिघांकडे जाते. कार्डावरून उतरवताना नुसतं कॉपी-पेस्ट नाही. मीडिया पेजवरचं क्लोन टूल कॉपी झाल्यावर चेकसम पडताळून बघतं. वेळ जास्त जातो, तरी कार्ड फॉरमॅट करण्याआधी तेवढा द्यावाच.

बॅकअप आहे म्हणजे तो उघडतो असं नाही. म्हणून अधूनमधून मी वहिनीची ताजी `.drp` मालवणात उघडतो, टाइमलाइनभर पळवतो आणि लाल क्लिपा शोधतो. गेल्या खेपेला पार्श्वसंगीताच्या दोन फायली लाल आल्या. त्या तिच्या `Downloads` मध्ये होत्या, `K:` वर नव्हत्याच. आता बाहेरून आलेला आवाज, फोटो, फॉन्ट, सगळं आधी `K:\_EXTRA` मध्ये, मगच प्रोजेक्टमध्ये.

पुढच्या नोंदीत प्रॉक्सींचं, म्हणजे एडिटिंगपुरत्या केलेल्या हलक्या प्रतींचं लिहीन. रत्नागिरीच्या लॅपटॉपला रात्रभराचं मूळ फुटेज झेपत नाही, आणि प्रॉक्सीचं फोल्डर कुठे ठेवायचं यावर अजून आमचं एकमत नाही.