दाण्यातून निसटलेलं शिसं

१९ ऑगस्ट, काणकोण

सकाळपासून पाऊस. दुपारी वीज आली तेव्हा लॅपटॉप उघडला, तर प्रयोगशाळेतून निकालांची फाइल आलेली. फेब्रुवारीपासून वाट बघत होते. खडीच्या खाणीतून आणलेला आठ किलो ग्रॅनाइट, त्यात अंगठ्याएवढे फेल्डस्पारचे स्फटिक. तो फोडला, चाळला, पाण्यात घोळवला, चुंबकाखालून काढला, ब्रोमोफॉर्ममध्ये बुडवला. तळाशी बसलेल्या चिमूटभर जड भुकटीतून सुईच्या टोकाने झिरकॉन या खनिजाचा एकेक दाणा वेचला. राळेत बसवून अर्ध्यापर्यंत घासला, की दाण्याचं पोट उघडं पडतं. मग त्यावर लेझरचा ठिपका, जेमतेम तीस मायक्रॉनचा.

पहिल्या ओळीतलं वय २०३ कोटी वर्षं. मला धस्स झालं. काणकोणचा ग्रॅनाइट अडीचशे कोटींहून जुना, हे शिकतच मी मोठी झाले. पुढच्या रकान्यात त्याच दाण्याचं दुसरं वय होतं, २६० कोटी. एका दाण्याची दोन वयं!

संध्याकाळी मॅडमना फोन केला. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "दाणे कुठले वेचलेस?" खरं तेच सांगितलं. मोठे, तपकिरी, नजरेत भरणारे. सूक्ष्मदर्शकाखाली ते चटकन सापडत होते आणि मला घाई होती.

२० ऑगस्ट

रात्री झोप नव्हती, म्हणून पहाटे वही घेऊन हिशेब मांडला.

झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं आहे, ते आतल्या युरेनियमच्या क्षयातून आलेलं. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होतं, अर्धायुकाल ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ होतं, अर्धायुकाल ७० कोटी. एकाच दाण्यात दोन घड्याळं, एक संथ, एक भराभर चालणारं. दाणा बंद राहिला असेल तर दोघांनी एकच वेळ सांगायला हवी.

२६० कोटी वर्षांच्या दाण्यात शिसं-२०६ आणि युरेनियम-२३८ यांचं गुणोत्तर ०.४९७ यायला हवं. माझ्या दाण्यात ०.३७, म्हणून वय २०३ कोटी दिसलं. म्हणजे चौथा हिस्सा शिसं निघून गेलंय. पण दोन्ही प्रकारचं शिसं सारख्याच प्रमाणात गेलं, म्हणून त्यांचं आपसातलं गुणोत्तर ढळलं नाही. ते अजून ०.१७४ आहे, आणि त्यातून वय २६० कोटीच निघतं. मात्र हे तेव्हाच खरं, जेव्हा शिसं अलीकडे गळलं असेल. फार पूर्वी गळलं असतं, तर हे दुसरं वयही खोटं तरुण दिसलं असतं.

मग ते कधी गळलं, हे एका दाण्यावरून कळणार नाही. ज्यावर दोन्ही घड्याळं एकच वेळ सांगतात, तो वक्र कागदावर काढला आणि त्यावर बारा दाण्यांचे ठिपके मांडले. नऊ एका सरळ रेषेत आले, आणि रेषा खाली शून्याकडे गेली. गळती अलीकडचीच! वर ती २६० कोटींजवळ वक्राला भिडते. दर क्षयाबरोबर स्फटिकाची बांधणी थोडी मोडते. जास्त युरेनियमचे दाणे गढूळ, तपकिरी होतात, त्यांना तडे जातात आणि पाणी आत शिरतं. नेमके तेच दाणे मी वेचले होते. वक्राजवळ पडलेले दोन दाणे छोटे, काचेसारखे स्वच्छ. ते मी केवळ संख्या भरायला घेतले होते.

२४ ऑगस्ट

मॅडम म्हणाल्या, अधिक-उणे दोन कोटी वर्षं लिहायला लाजू नकोस. "तो आकडा आपल्याला काय माहीत नाही ते मोजून सांगतो. तो नसेल, तर वयावर विश्वास कुणी ठेवायचा?"

आज आईसोबत चवथीसाठी तांदूळ निवडायला बसले. तिचा हात सावकाश फिरतो, ताट हलवून ती एकदा सगळ्यावर नजर टाकते आणि मगच खडा उचलते. मी मात्र दिसला की उचल, अशी. दुपारी उरलेली भुकटी पुन्हा काढली आणि तीन तासांत सोळाच दाणे वेचले, सगळे स्वच्छ, लांबट, बिनतड्याचे.

बारावा दाणा मात्र अडून बसलाय. त्याचं वय २९० कोटी आलं. इलेक्ट्रॉन झोताखालच्या फोटोत त्याच्या पोटात एक गोल, गडद गाभा दिसतो आणि त्याभोवती नंतर वाढलेले पट्टे. लेझरचा ठिपका बरोबर सीमेवर पडलाय, अर्धा गाभ्यात, अर्धा पट्ट्यात. म्हणजे २९० हे कशाचंच वय नाही, दोन वयांची नुसती भेसळ आहे. गाभा बहुधा त्या जुन्या खडकाचा असावा, जो वितळून हा ग्रॅनाइट झाला. मात्र गाभ्याच्या मधोमध ठिपका पडल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही.

यंत्रावर आपली पाळी ऑक्टोबरमध्ये. फोटोवर लाल पेनने खूण केलीये, कडेपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं. वहीत बाराव्या दाण्यासमोर वयाचा रकाना कोरा ठेवलाय.