१०८ वरचे शिखर

एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात एका अज्ञात द्रवाचे तिन्ही वर्णपट माझ्या हाती आले, तेव्हा मी आधी मास स्पेक्ट्रमकडे वळलो. तिथून रेणुभार कळतो, आणि त्याशिवाय पुढचा तर्क हवेत राहतो. सर्वांत उजवीकडचे ठळक शिखर १५० वर होते. भार सम असल्याने नायट्रोजन नसण्याचीच शक्यता अधिक होती. १५१ चे शिखर १५० च्या सुमारे १० टक्के होते. प्रत्येक कार्बनमागे १.१ टक्का धरला, तर कार्बन नऊच्या आसपास भरतात. त्यावरून C₉H₁₀O₂ हे सूत्र धरले आणि असंतृप्ततेचा अंक काढला. तो पाच आला, म्हणजे बेंझीन वलयाचे चार आणि उरलेला एक बहुधा कार्बोनिलचा.

आयआरमध्ये १७४० ला कार्बोनिलचा तीव्र पट्टा होता. आम्लाचा ३३०० ते २५०० पर्यंत पसरणारा रुंद पट्टा नव्हता, आल्डिहाइडची २७२० जवळची खूणही नव्हती. मात्र १२३० ला एस्टरचा C–O पट्टा जोरकस होता. कार्बोनिल थेट वलयाला जोडलेला असता, तर पट्टा १७२० पर्यंत उतरला असता. त्यामुळे इथाइल बेंझोएट इथेच बाद झाले.

प्रोटॉन एनएमआरमध्ये ७.३५, ५.१ आणि २.१ पीपीएमवर ५:२:३ या प्रमाणात तीन सिंगलेट होते. क्लोरोफॉर्मचे अवशिष्ट शिखर ७.२६ ला येते आणि ते वलयाच्या संकेतात मिसळले, की पाचाचे सहज साडेपाच होतात, म्हणून ते वगळूनच क्षेत्रफळ मोजले. इथाइल गट असता तर चौकडी आणि त्रिकूट दिसलेच असते. आता खरी निवड बेंझाइल ॲसिटेट आणि मिथाइल फिनाइलॲसिटेट यांच्यात उरली. दोन्हींचे सूत्र एकच, तीन सिंगलेटही तसेच. फरक केवळ त्यांच्या स्थानांचा. दुसऱ्यात CH₂ आणि OCH₃ हे दोन्ही संकेत ३.६ ते ३.७ जवळ दाटीने येतात. इथे ५.१ चा CH₂ वलय आणि ऑक्सिजन यांच्यामध्येच असू शकतो, आणि २.१ चा CH₃ कार्बोनिलला लागूनच.

एवढ्यावर थांबता आले असते, पण मी मास स्पेक्ट्रम पुन्हा उघडला, कारण त्यातले सर्वांत उंच शिखर १०८ वर होते आणि त्याचा अर्थ लागणे बाकी होते. नायट्रोजन नसलेल्या सम भाराच्या रेणूचा एकच साधा बंध तुटला, तर तुकडा विषम भाराचा मिळतो, जसे इथे ९१ आणि ४३. सम भाराचा १०८ सांगतो, की हायड्रोजन स्थलांतरित होऊन एक अखंड रेणू बाहेर पडला आहे. १५० मधून १०८ गेले, उरले ४२, म्हणजे कीटीन. ॲसिटाइल गट ऑक्सिजनवर असला, की हा मार्ग सहज खुला होतो. मिथाइल फिनाइलॲसिटेटमध्ये असा ॲसिटाइल गटच नाही, आणि त्याचे सर्वांत उंच शिखर ९१ वर येते. मी उत्तरपत्रिकेत बेंझाइल ॲसिटेट लिहिले.