आमची वाटचाल : यादीत नाव आले ते वर्ष

२००१ साली मेहुण्यांसोबत भोसरीत खोक्यांचा कारखाना काढला, तेव्हाचे स्टिचिंग मशीन आजही चालू आहे आणि त्याला तेल मीच घालतो. मधली वर्षे सुरळीत गेली. लिहिण्यासारखे आहे ते २०१७.

त्या सप्टेंबरात कंपनी व्यवहार मंत्रालयाने अपात्र संचालकांच्या याद्या जाहीर केल्या आणि त्यांत आम्हा दोघांची नावे होती. हिशेब दरवर्षी तयार होत होते, आयकर भरला जात होता. मात्र ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले होते, त्यांनी २०१३-१४ पासून सलग तीन वर्षे ते केलेच नव्हते. कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) नुसार सलग तीन वर्षांची कसूर म्हणजे संचालकाला पाच वर्षांची अपात्रता. आमचे डीआयएन, म्हणजे संचालक म्हणून मिळालेले ओळख क्रमांक, बंद झाले, त्यामुळे राहिलेले फॉर्म भरायची इच्छा असूनही ते भरता येईनात. बँकेने कॅश क्रेडिटचे नूतनीकरण थांबवले. आमच्याच गल्लीतल्या एका स्पर्धकाने यादीचे पान छापून आमच्या ग्राहकांना दाखवले, हे मी अजून विसरलेलो नाही.

आमचे सर्वांत जुने ग्राहक, एक पंप-कारखानदार, तेवढे थांबले. त्यांनी खुलासा मागितला नाही. पगाराची आणि कराची चलने मागितली, ती तपासली आणि ऑर्डर चालू ठेवली. कागद भरले नाहीत, पण धंदा जिवंत आहे, हे त्यांना त्यांतून कळले.

जानेवारी २०१८ मध्ये विलंब माफी योजना आली आणि डीआयएन तात्पुरते सुरू झाले. आम्ही तिन्ही वर्षांचे फॉर्म विलंब शुल्कासह भरले आणि योजनेचे ३०,००० रुपये वेगळे भरले. मंत्रालयाच्या पोर्टलवरची ताळेबंदाची तारीख लगेच ताजी दिसू लागली. येथेच वाचणारा फसतो. ती तारीख ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे हे सांगते, तो कधी दाखल झाला हे नाही. शंभर रुपये भरून सार्वजनिक कागदपत्रे उघडली, तर आमची तीन वर्षे एकाच आठवड्यात दाखल झालेली दिसतात आणि ती कायम तशीच दिसतील.

म्हणून उधारी देणाऱ्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो : सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरला झाली असेल, तर ताळेबंद ३० ऑक्टोबरपर्यंत आणि विवरणपत्र २९ नोव्हेंबरपर्यंत दाखल व्हायला हवे. एखाद्या वर्षी पंधरा दिवस उशीर झाला, तर तो बहुधा लेखापरीक्षकाकडे कामाची गर्दी असल्यामुळे असतो. उशीर दरवर्षी वाढत असेल, तर मात्र मी आगाऊ रक्कम मागतो, कारण १ जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये पडतात. दोन्ही फॉर्म वर्षभर रखडले तर ७३,००० रुपये. हे माहीत असूनही कागद दडवणाऱ्याकडे बहुधा दाखवण्यासारखा ताळेबंदच नसतो.

त्या स्पर्धकाच्या तारखाही मी दर डिसेंबरात पाहतो. अद्याप त्याला एकदाही उशीर झालेला नाही, हे कबूल करावे लागते.